पौर्णिमा थूलचा हेतू

आमच्या हिंगणघाटच्या शाखेत पौर्णिमा थूल चौदा वर्षं क्लार्क होती. तिच्या शेजारच्या खिडकीत मी. मला सगळे बंडूजी म्हणतात. चौदा वर्षांत मी पाच व्यवस्थापक पाहिले आणि पाचांनाही मनातून कधी सलाम केला नाही. पण शेवटच्याइतका पोकळ माणूस मात्र दुसरा पाहिला नाही.

पौर्णिमाने एका दुपारी डबा खाताना सांगितलं, "मी एम.ए. करीन म्हणते. समाजशास्त्रात. पुण्याच्या एका संस्थेत."

व्यवस्थापक पलीकडे पोळीचा घास मोडत होते. त्यांनी हसून आजूबाजूला पाहिलं, आपल्याबरोबर आणखी कोणी हसतं का म्हणून. "समाजशास्त्र? अहो, त्यापेक्षा बँकेची परीक्षा द्या, वेतनवाढ तरी मिळेल. समाज काय, रोज खिडकीसमोर उभाच असतो!"

दोघं-तिघं हसलेही. त्यातला एक रजेचा अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेणारा. पौर्णिमाने डब्याचं झाकण लावलं आणि उठली. तिचं वय अडतीस, पदवी वाणिज्य शाखेची. त्या संस्थेत कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकत होता, फक्त सोबत एक निवेदन लागायचं: हा विषय का, आताच का, शिकून कोणत्या प्रश्नाचा शोध घ्यायचा आहे. हजार शब्दांच्या आत, इंग्रजीत. त्यावरून मुलाखतीला बोलावणार आणि तिथे त्याच कागदावर प्रश्न विचारणार.

ते निवेदन लिहून देण्याचं पुण्य तिच्या बहिणीच्या नवऱ्याने, रत्नदीपने, स्वतःहून पत्करलं. रत्नदीप ज्युनियर कॉलेजात शिकवतो आणि संध्याकाळी 'करिअर मार्गदर्शन' करतो. त्याने आधी मराठीत मसुदा दिला, इंग्रजीत नंतर करू म्हणाला. पौर्णिमाने तो मला वाचून दाखवला.

"लहानपणापासूनच माझ्या मनात समाजाविषयी अपार ओढ होती. समाज हा एक महासागर असून मी त्याच्या किनाऱ्यावरची जिज्ञासू मुलगी आहे. शिक्षणाचा दीप हाती घेऊन मी तळागाळातील घटकांच्या उत्थानासाठी—"

"थांब," मी म्हटलं. "तू कधी महासागर पाहिलास का?"

"एकदा. गणपतीपुळ्याला. पाय ओले केले अन् परत आली."

"मग हे कोण बोलून राह्यलं? याच्यातून तुझं नाव काढून माझं टाकलं तरी काही बिघडत नाही. व्यवस्थापकाचं टाकलं तरी चालते."

ती हसली नाही. म्हणाली, "भाऊजी म्हणतात, असंच लिहावं लागते."

असंच लिहावं लागते! या तीन शब्दांवर कित्येकांचे धंदे चाललेत. रत्नदीपने म्हणे तो महासागर तीन जणांना वाहिला होता आणि तिघांनाही मुलाखतीचं बोलावणं आलं नव्हतं.

त्याच आठवड्यात रुख्माबाई आल्या. वय सत्तरच्या पुढे, विटकं लुगडं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक. खात्याला वारसाचं नाव लावायचं होतं. पौर्णिमाने फॉर्म भरला आणि वर न बघता शाईचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. अंगठा असला की फॉर्मवर दोन साक्षीदार लागतात, म्हणून मला हाकही मारली, "बंडूजी, जरा साक्षीले या."

रुख्माबाईंनी डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मले सही येते बाई. तुमच्या मशिनीत असन पाहा."

पौर्णिमाने पडद्यावर नमुना काढला. होती. नऊ वर्षांपूर्वीची, किंचित वाकडी, पण पूर्ण नाव. रुख्माबाईंनी पेन घेतलं, ओठ दाबून एकेक अक्षर काढलं आणि शांतपणे म्हणाल्या, "सेवाग्रामच्या दवाखान्यात मी झाडूकाम करत होती. तिथल्या नर्सबाईनं शिकवलं. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

त्या गेल्या. साक्षीदाराची गरजच उरली नव्हती, तरी मी तिथेच उभा होतो. पौर्णिमा पुढच्या माणसाला हाक मारायची विसरली.

"तुम्ही पाहिलं नं?" ती मला म्हणाली. "मी लुगडं पाहिलं अन् डबा सरकवला. माझ्या मायपुढेही असाच सरकवायचे. घरी आली की माय बोट घासत बसे, जळत असल्यासारखं. अन् मी तेच करून राह्यली."

दोन दिवसांनी तिने स्वतःचा कागद आणला. मराठीत, वहीच्या पानावर, भरपूर खाडाखोड केलेला. सुरुवातच अशी होती: "या वर्षी मी एका बाईला न विचारताच निरक्षर ठरवलं. मी दुष्ट नाही आणि मला तसं करायला कोणी सांगितलंही नव्हतं. मग हे मला कुठून आलं, हा माझा प्रश्न आहे." पुढे तिने लिहिलं होतं की खिडकीच्या आतला माणूस समोरच्याचे कपडे, बोली, आडनाव बघून क्षणात ठरवतो की याला समजावून सांगायचं की दरडावायचं. हे ठरवणं आम्ही कधी शिकलो, ते तिला संस्थेत शिकून शोधायचं होतं. महासागर कुठेही नव्हता. इंग्रजीही तिने स्वतः केलं, साध्या आखूड वाक्यांत.

रत्नदीपने वाचून कपाळावर हात मारला. "ताई, स्वतःची चूक कोणी अर्जात लिहिते का? सोज्वळ दिसलं पाहिजे."

"मले सोज्वळ दिसायचं नाई," ती म्हणाली. "मले शिकायचं आहे."

बँकेच्या ना-हरकत पत्रासाठी अर्ज व्यवस्थापकांकडूनच वर जायचा होता. त्यांना निवेदन दाखवायची गरज नव्हती, तरी त्यांनी मागून घेतलं आणि पहिल्या परिच्छेदालाच घाम पुसला. "यात बँकेची बदनामी आहे."

"बँकेचं नाव कुठंच नाई, सर."

"पण कळतं ना!"

"काय कळते सर?"

आपल्या शाखेत असं घडत नाही, हे म्हणायचीही त्यांची हिंमत झाली नाही, कारण त्यांच्या केबिनबाहेर त्याच वेळी चार माणसं दीड तासापासून उभी होती आणि खुर्च्या रिकाम्या होत्या. तरी कागद त्यांनी आठवडाभर दाबून ठेवला. मग पौर्णिमाने अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का मागितला. शिक्का पडताच कागद दुसऱ्या दिवशी विभागीय कार्यालयात गेला. असल्या माणसांना लाज नाही समजत, तारीख समजते.

मुलाखत ऑनलाइन झाली. समोर तीन प्राध्यापक. एका बाईंनी विचारलं, ही तुमची सवय आहे की बँकेची रीत? पौर्णिमा म्हणाली, दोन्हींत फरक कसा करायचा तेच मला येत नाही. मग दुसऱ्याने विचारलं, त्या बाईंना त्या दिवशी काय वाटलं, हे तुम्ही जाऊन विचारलंत का?

"नाही," ती म्हणाली. "मी फक्त माझंच लिहिलं."

दुसऱ्या दिवशी शाखेत येऊन मला म्हणाली, "संपलं, बंडूजी. तिथंच पकडली गेली."

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतंच. प्रतीक्षायादीत सहावं होतं. जुलैच्या शेवटी जागा मिळाली. महिला कर्मचाऱ्यांसाठी असलेली दोन वर्षांची बिनपगारी रजा मंजूर झाली. नवरा कैलास आणि सासू मुलीला सांभाळायला तयार झाले, तेही बरीच कुरकुर करून.

निरोपाच्या चहाला व्यवस्थापकांनी भाषण ठोकलं. पौर्णिमाताईंना उच्च शिक्षणाची प्रेरणा या शाखेने दिली, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. रत्नदीपनेही मोबाइलवर तिचा फोटो टाकला, खाली लिहिलं, 'माझी विद्यार्थिनी'. मी टाळी वाजवली नाही. समोसा मात्र खाल्ला.

महिन्याने तिचा फोन आला.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"वर्गातल्या पोरी मले मॅडम म्हणतात अन् वर्गात सगळ्यात कमी मलेच समजते. पहिला निबंध परत आला. सरांनी लिहिलं, पुन्हा लिहा."

"मग?"

"मग काय, लिहून राह्यली."