आईसाठी तीन मुद्दे

माझी आई बजाजनगरात खानावळ चालवते. पहाटेपासून दुपारपर्यंत तिचे हात पिठात नाहीतर फोडणीत असतात, आणि त्या वेळात तिला कुणी तीनापेक्षा जास्त वाक्यं ऐकवली की ती लाटणं घेऊन वळते. मराठी ती वाचते, पण अक्षर लावून लावून. इंग्रजी कागद आला की माझ्याकडे. शाळेची नोटीस असो, गॅसच्या एजन्सीचं पत्र असो, मी वाचायचं आणि मराठीत तीन मुद्दे करून द्यायचे. मी पहिल्यांदा पानभर लिहून दिलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, "मला काय परीक्षेला बसायचंय का? तीन सांग. काय झालं, आपल्याला काय, आता काय करायचं." तेव्हापासून तीनच. मला हा नियम कधी जाचला नाही. बऱ्याच लांबलचक इंग्रजीत तीन मुद्द्यांचासुद्धा ऐवज नसतो.

मी नोकरीला लागल्यापासून हे मुद्दे फोनवर जायला लागले. आईचे हात ओले, म्हणून ज्याचे हात कोरडे असतील त्याने ते मोठ्याने वाचायचे आणि आईने पोळी न थांबवता ऐकायचे. भाऊ कंपनीच्या नव्या गाड्या पोचवायला दक्षिणेत जातो, महिना महिना घरी नसतो. त्यामुळे वाचायचं काम वहिनीकडे आलं. वहिनीला तेव्हा सातवा संपत आला होता. तिला खाली बसून पोळ्या करवत नव्हत्या, म्हणून ती स्टुलावर बसून डबे भरायची आणि माझे मुद्दे वाचायची.

त्या सकाळी मी बिडकीनकडे जाणाऱ्या माझ्या कंपनीच्या बसमध्ये होते. खानावळीतल्या एका मुलाने आईला इंग्रजी बातमीची लिंक पाठवली होती, ती आईने पुढे मला ढकलली, आणि खाली बोलून टाकलेला निरोप: "हे आपल्याकडलं हाय म्हनं. तीन मुद्दे धाड लवकर."

बातमी लांब होती. वरती अधिकाऱ्यांचं निवेदन, मग पाणी योजना किती वर्षं रखडली त्याचा इतिहास, मग विरोधकांची टीका, मग पुन्हा निवेदन. आमच्या शेजारच्या वसाहतीत कावीळ पसरली होती. पाण्याच्या लाइनीत गटाराचं पाणी शिरल्याचा संशय होता, नमुने तपासायला गेले होते, रिपोर्ट यायचा होता. लाइन दुरुस्त झाली आहे, आता येणारं पाणी शुद्ध आहे, असं निवेदनात होतं. त्याच लाइनीवर ज्या गल्ल्या होत्या, त्यांत आमची गल्ली होती. मी ते नाव पुन्हा पुन्हा वाचलं. इंग्रजी अक्षरांत आपल्या गल्लीचं नाव कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते असं.

पार शेवटी, जाहिरातीच्या खाली, एका डॉक्टरांचं म्हणणं होतं. घाईत असलेलं कुणी तिथपर्यंत पोचलंच नसतं. ही कावीळ पाण्यातून होते, पाणी प्यायल्यावर गडद लघवी, मळमळ, पिवळे डोळे अशी लक्षणं दिसायला काही आठवडे लागू शकतात, आणि शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईच्या ती जिवावर बेतू शकते.

बस चालू होती, शेजारची बाई डुलकी घेत होती, आणि मला फक्त वहिनीचा पाण्याचा तांब्या दिसत होता. उन्हाळी लागते म्हणून ती दिवसभर घोट घोट पाणी प्यायची, आणि मीच तिला भरून द्यायचे.

पहिला मुद्दा मी आधी लिहिला तो असा: लाइन फुटली होती, आता दुरुस्त झाली. लगेच पुसला. आई "दुरुस्त झाली" एवढंच ऐकणार आणि सुटकेचा श्वास टाकणार. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा टाकी, ड्रम, पातेली, होतं नव्हतं ते सगळं भरून ठेवायचं, आणि ते पाणी पुढच्या पाळीपर्यंत जपून वापरायचं. म्हणजे नळ शुद्ध झाला तरी घरात होतं ते सगळं आधीचं. बातमीत हे लिहिलंच नव्हतं. लिहिणाऱ्याच्या घरी पाणी रोज येत असणार.

मग लिहिलं:

"१. लाइनीत गटाराचं पाणी मिसळल्याचा संशय आहे, रिपोर्ट यायचाय. लाइन दुरुस्त केली म्हणतात, पण आपल्या टाकीत आणि ड्रमात आधीचं पाणी आहे. ते सगळं ओतून दे.

२. प्यायचं आणि स्वयंपाकाचं पाणी खळखळ उकळूनच वापर. डबेवाल्या पोरांचंही."

तिसऱ्यावर मी अडकले. तिसरा मुद्दा आईसाठी होता आणि तो वहिनी वाचणार होती. मोठ्याने, स्वतःच्या तोंडाने, पोटावर डबा टेकवून. मी लिहिलं, "वहिनीने जास्त काळजी घ्यावी." वाचून माझाच मला राग आला. काळजी घ्या तर शेजारणीही सांगतात, ग्रहणातही सांगतात. त्याने कुणी उठून दवाखान्यात जात नाही. आईला फोन लावला, तिने उचलला नाही. डबे जाईपर्यंत ती कुणाचाच उचलत नाही. कंपनीचं गेट समोर दिसायला लागलं. आत गेलं की फोन लॉकरमध्ये, सुट्टी होईपर्यंत हाताला लागत नाही.

शेवटी डॉक्टरांनी सांगितलं तसंच लिहिलं.

"३. आधी प्यायलेल्यांना त्रास काही आठवड्यांनीही होऊ शकतो. लघवी गडद, भूक नाही, मळमळ, डोळे पिवळे, यातलं काही दिसलं तर लगेच दवाखाना. पोटुशीच्या जिवावर बेतू शकतं, एक दिवसही थांबू नका."

पाठवलं आणि फोन लॉकरमध्ये टाकला.

तो दिवस कसा गेला, विचारू नका. मालाच्या पावत्या जुळवताना मी एकच पावती पुन्हा पुन्हा जुळवत होते. वहिनी घाबरली असेल, आईने तिला धीर दिला असेल, की आईच घाबरून तिच्यावर ओरडली असेल? आई घाबरली की ओरडते, हे वहिनीला अजून पुरतं उमगलेलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत पाण्याचा ग्लास भरला आणि तसाच ठेवून दिला. कंपनीचं पाणी चांगलं होतं, तरी.

सुट्टी झाल्यावर फोन हातात घेतला तर वहिनीचा निरोप होता: "वाचून दाखवलं ताई. आईंनी टाकी मोकळी केली." मी लगेच फोन लावला.

"आणि तुम्ही? तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"मला काय झालंय? लई काळजी करता तुम्ही."

"आईकडे द्या जरा."

"हात पिठात हायत त्यांचे," असं म्हणून तिने ठेवून दिला. संध्याकाळच्या पोळ्यांना तेव्हा अवकाश होता. हे माझ्या लक्षात आलं आणि बस रस्त्याला लागेपर्यंत मी उभीच राहिले, बसायचं सुचलं नाही.

घरी पोचले तेव्हा अंगण ओलं होतं, ड्रम उपडे घातलेले होते आणि मोठ्या पातेल्यात पाणी खळखळत होतं. आईने चप्पल काढायच्या आधीच मला दंडाला धरून मागच्या मोरीपाशी नेलं.

"तिसरं काय व्हतं?" तिने हळू आवाजात विचारलं.

"म्हणजे?"

"तिनं दोनच वाचले. म्हनली, दोनच हायत. तू आजपोत्तर कधी दोन धाडलेत का?"

आईच्या कपाळावर घाम होता, आणि तो चुलीचा नव्हता.

"मग फोन घेऊन बघायचा ना तू!"

"कसा घेऊ? दिसभर तिच्याच हातात हाय. मागितला असता तर तिला कळलं असतं, मला कळलंय म्हनून." आईने पदराने तोंड पुसलं. "पोरगी वाचता वाचता थांबली. मी पोळी उलटत व्हते. मागं वळून बघायचं धाडस झालं नाय मला. दिसभर तुझी वाट बघतेय. सांग, काय हाय तिसरं."

जी बाई गिऱ्हाइकाच्या तोंडावर हिशेब सांगते, उधारीवाल्याला दारातून परत धाडते, ती मागे वळून बघायला घाबरली होती. मी तिला तिसरा मुद्दा सांगितला. शब्द तेच, पण तोंडाने सांगताना ते फार वेगळे लागले. आईने शेवटपर्यंत ऐकलं, आणि सरळ घरात गेली.

वहिनी कॉटवर पडली होती. आई तिच्याजवळ बसली आणि काही न विचारता अंगठ्याने तिची खालची पापणी ओढून बघितली. ट्यूबच्या उजेडात मला नीट दिसलं नाही. आईला दिसलं असावं. ती म्हणाली, "चल बाई, उठ. दवाखान्यात जायचं."

"मला काय झालंय, आई?"

"काय नाय झालं. तरी चल."

रिक्षात वहिनी आमच्या दोघींच्या मध्ये बसली होती. सरकारी दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी विचारलं, लघवीचा रंग कधीपासून बदललाय. वहिनीने आधी आईकडे बघितलं, मग जमिनीकडे, आणि म्हणाली, "चार-पाच दिस झाले. ऊन लागलं आसंल म्हनलं." आईने तोंडावर हात धरला. रक्त घेतलं, रिपोर्ट आला, कावीळ होती. लगेच भरती करून घेतलं. वेळेवर आणलंत, असं डॉक्टरीण बाई म्हणाल्या, पण त्या हसल्या नाहीत, म्हणून आम्हाला तो धीर वाटला नाही. भाऊ गाडी पोचवून मिळेल त्या बसने निघाला.

पुढचे आठवडे मी कसल्या भीतीत काढले ते मला लिहायला जमणार नाही. वॉर्डातल्या दुसऱ्या एका गरोदर बाईची कॉट एका सकाळी रिकामी दिसली आणि आम्ही कुणालाच काही विचारलं नाही. वहिनी वाचली. तिची मुलगी जन्मली ती लहानखुरी, पण रडली जोरात. आज दोघी घरी आहेत, म्हणून तर हे लिहू शकतेय.

भरती केल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्यापाशी बसले होते. आई डबे करायला घरी गेली होती. सलाईनचा हात पोटावर ठेवून वहिनी छताकडे बघत होती. मी काही विचारलं नव्हतं. तिचं तीच म्हणाली,

"तिसरा मी वाचला व्हता, ताई. मनातल्या मनात. लघवी, भूक, मळमळ, सगळं माझंच लिवलेलं. आईंना मोठ्यानं वाचून दाखवलं आसतं, तर माझ्याच तोंडून ते खरं झालं आसतं."