झाडाचं काम

भागीरथीबाई रोज सकाळी शाळेच्या पायरीवर पाण्याची बादली घेऊन उभ्या राहत आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पायावर तांब्याभर पाणी घालत. सानपाड्याच्या अलीकडचं ते खाडीकाठचं गाव. मुलं मिठागरांच्या बांधावरून येत आणि त्यांच्या घोट्यापर्यंत करडा चिखल असे. पाणी घालताना बाई मुलाचं नाव घेत. हजेरी तिथेच होऊन जाई, वर्गात फक्त लिहायची उरे. पावसाळ्यातही हे चुकत नसे. कंबर भरून यायची तरी चुकत नसे.

बाई मूळच्या पेणकडच्या. नवरा लवकर गेला, मग ट्रेनिंग, मग बदल्या. या गावात येऊन बरीच वर्षं झाली होती. चौथीपर्यंतची शाळा, शिकवायला दोघंच. बाई आणि हेडमास्तर धर्मराज गुरुजी. ते घाटावरचे होते, सरळ मनाचे, पण एकदा धरलं की न सोडणारे. शाळा जिल्हा परिषदेकडे गेली त्या साली त्यांनी स्नेहसंमेलन सुरू केलं आणि नियम घातला की शाळेतलं एकूण एक मूल स्टेजवर दिसलं पाहिजे. लोक भाषणं ऐकायला येत नाहीत, आपलं पोर बघायला येतात, असं ते म्हणत. ते खोटंही नव्हतं.

सगळ्यांना कामं वाटायची जबाबदारी अर्थात बाईंवर. नाचणारी, गाणारी मुलं सहज लागून जात. उरत ती अंग चोरणारी. त्यांच्यासाठी बाईंनी आपल्यापुरती एक तोड काढली होती. बोलायची भीती वाटते ना, मग न बोलणारं काम. नाटकात झाडं लागत, पहारेकरी लागत, राजाच्या मागे चवरी धरणारे लागत. कोणी वगळलं गेलं नाही याचं बाईंना समाधान होतं. दमलेल्या माणसाला असतं तसलं, फार तपासून न पाहिलेलं.

मागच्या साली पुतळाला त्यांनी वडाचं झाड केलं होतं. चौथीतली उंच, अबोल मुलगी. नाटकाच्या मध्यात तिला लघवी झाली. गॅसबत्तीच्या उजेडात फळ्यांवरून ओघळ पुढे आला आणि पहिल्या रांगेत हशा पिकला. दुसऱ्या दिवसापासून पुतळा आईबरोबर मिठागरावर जाऊ लागली. बाई दोनदा घरी जाऊन आल्या. मग परीक्षा आल्या, आणि ते राहिलं.

यंदा तिची धाकटी बहीण गोजरा चौथीत होती. वाचायला बसली की पोरगी धड्यात बुडून जाई. अडखळणाऱ्या शेजारणीला पुढचा शब्द हळूच सांगे. संमेलनाची तालीम सुरू झाली, बाईंनी सवयीने तिला झाडांमध्ये उभं केलं, आणि गोजरा शाळेत यायची थांबली.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई तिच्या घरी गेल्या. अंगणात तिची आई येसूबाई जवळा वाळत घालत होती. उठली नाही, पाट मात्र सरकवला. स्टेजवर उभं करणार असाल तर पोर घरीच राहील, असं तिने शांतपणे सांगितलं. एक पोर घरी बसलीच आहे, दुसरीही बसेल. मिठागरावर हात कमीच पडतात.

बाईंनी समजूत घातली. गोजराला काही बोलायचं नाही, गायचं नाही, नुसतं उभं राहायचं आहे.

दारात पुतळा जाळं विणत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तेच तर, बाई."

"म्हणजे?"

"बोलनारा बोलतो नि आत जातो. झाडाला आत जाता येत नाय. पयल्यापासून शेवटपर्यंत सगली त्यालाच बगतात."

बाईंना आपली आजवरची सगळी झाडं आठवली. ज्यांना कोणी पाहू नये असं वाटत होतं, त्यांनाच आपण सगळ्यांत जास्त वेळ उजेडात बांधून ठेवत आलो. इतक्या वर्षांत आपण एकाही मुलाला विचारलं नव्हतं की तुला नको वाटतं ते बोलणं, की बघितलं जाणं. जवळ्याचा वास अंगणभर होता. त्यांना एकदम खूप दमल्यासारखं झालं.

"सगळ्यांना घ्यायचं असा नियम आहे हो," त्या कशाबशा म्हणाल्या.

"घ्या की," येसूबाई म्हणाली. "आमच्यात लगीन लागतं तवा गंगू आजी धवले गाते. धवलारीन ती. भिंतीला टेकून बसते, पदर तोंडावर. तिला कोन बगतं? समदी नवरा-नवरीला बगतात. पन तिच्याबिगर लगीन लागतं का?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी गुरुजींना हे सांगितलं. गुरुजींना ते पटलं नाही. पोर दिसलं नाही तर आईबाप म्हणतील, शाळेने आमचं पोर मागे लपवलं. गावातल्या लग्नांत ते जेवायला जात, धवलारीण त्यांनी पाहिली होती. पण लग्न वेगळं, शाळा वेगळी. बाईंनी वाद वाढवला नाही. तेवढं बळ नव्हतं. एवढंच म्हणाल्या, "एक गेली, गुरुजी. तुमच्या नियमाने आणि माझ्या झाडाने. दुसरी गेली तर पटावरून नाव कमी करायला मी येणार नाही, तुम्ही करा."

गुरुजींनी बराच वेळ टेबलावरची खडूची धूळ बोटाने गोळा केली. मग म्हणाले, "मागे बसून करणार काय ती?"

मग बाईंनी झाडं, पहारेकरी, चवरीवाले एकेकटे बोलावले आणि प्रत्येकाला विचारलं. कोणाला गर्दी नको होती, कोणाला नुसते आपले कपडे लोकांना दाखवायचे नव्हते. चवरीवाल्या नामाला तर स्टेज आवडत होतं, फक्त गाता येत नव्हतं, तो राहिला. बाकीच्यांतले कोणी रंग लावायला बसले, कोणी पडद्याच्या दोरीवर, कोणी बायकांना जागा दाखवायला. गोजराच्या हाती नाटकाची वही आली. विंगेत बसायचं, कोणी अडलं की पुढचा शब्द सांगायचा.

तालमींनी बाईंचा जीव काढला. प्रत्येकाला वेगळं काम म्हणजे प्रत्येकाच्या मागे वेगळं लागणं. झाडं करणं सोपं होतं, हे त्यांना रोज कळत होतं.

संमेलनाच्या संध्याकाळी पडदा म्हणून होडीचं शीड लावलं होतं. त्यामागे गोजरा मांडी घालून बसली. येसूबाई बायकांत मागे होती. पुतळा आली नाही. नाटकात प्रधान अडला. गोजराने शब्द सांगितला तो जरा मोठ्याने, थेट लोकांत ऐकू गेला. हशा पिकला.

बाई विंगेच्या दुसऱ्या टोकाला होत्या. त्यांना गोजराचा चेहरा दिसला, वहीवर घट्ट झालेली बोटं दिसली. त्या हलल्या नाहीत. जाऊन वही हातात घेतली असती तर सगळंच संपलं असतं.

प्रधान तसाच उभा होता. घामाघूम. हसत होते ते त्यालाच बघून. शिडाआड कोण आहे हे कोणाला दिसतच नव्हतं. गोजराने त्याच्याकडे पाहिलं, वही नाकाशी धरली आणि तेच वाक्य पुन्हा सांगितलं, यावेळी हलकेच. प्रधान बोलला. नाटक पुढे गेलं.

शेवटी गुरुजींनी सगळ्यांची नावं वाचली, पुढच्यांची आणि मागच्यांची एकाच दमात, कोणाला उठून उभं न करता. एका बापाने विचारलंच, आमचा पोरगा दिसला नाही तो. गुरुजी म्हणाले, तुम्ही ज्या रंगाचं कौतुक करत होता, तो त्याने लावलाय. बाप फार खूश झाला असं नाही.

सोमवारी गोजरा शाळेत आली. पुतळा नाही आली, त्या साली नाही आणि पुढेही नाही. बाई अधूनमधून त्या अंगणात जात, बसत, आणि परत येत.

मे महिन्यात बाईंची बदली झाली. निघायच्या दिवशी येसूबाई ट्रंक उचलायला आली आणि डांबरी सडकेपर्यंत चालत गेली. गोजरा पाचवीला पलीकडच्या गावी जाणार होती. ते येसूबाईने आपणहून सांगितलं, ट्रंक डोक्यावरून उतरवता उतरवता. एस.टी. आली. बाई चढल्या, खिडकीशी बसल्या, आणि वाकून म्हणाल्या, "येसूबाई, तिथली शाळा सकाळची आहे. भाकरी बांधून देत जा तिला, आसपास काही मिळत नाही."