दोघांना विचारून पाठवलेला मेल

चिकलठाणा एमआयडीसीत आमचा कोल्ड रूम बसवण्याचा धंदा आहे. त्यामुळे थंड ठेवावा लागणारा माल ज्यांच्याकडे असतो, अशी शहरातली आणि आसपासची पुष्कळ माणसं माझ्या ओळखीची. त्यातल्याच एका आईस्क्रीमवाल्यांनी दिवाळीच्या आधी मला गाठलं.

"मॅडम, सीताफळाचा चांगला गर पाहिजे. साखर न घातलेला. पुण्याहून मागवतो तो लई गोड येतो. आहे का कुणी?"

होतं की. खुलताबादच्या बाजूला एक बाई राहतात. फूड टेक्नॉलॉजी शिकलेल्या, घरच्या शेतातल्या आणि गावच्या सीताफळांचा गर काढून गोठवून विकतात. त्यांची कोल्ड रूम मीच बसवलेली. पण मी नाव सांगितलं नाही. "त्यांना विचारते," म्हटलं, "तुम्ही कोण ते सांगितलं तर चालेल ना?"

"सांगा की. त्यात काय!"

न विचारता कुणाला कुणाच्या मेलमध्ये घालायचं नाही, ही माझी जुनी सवय. मला स्वतःला असं कितीदा तरी घातलंय. उत्तर द्यावं तर नको ते काम गळ्यात पडतं, न द्यावं तर मधल्या माणसाला वाईट वाटतं.

बाईंना फोन लावला. मागे गर काढायच्या यंत्राचा आवाज. आईस्क्रीमवाल्यांचं नाव सांगितलं, त्यांना काय हवंय ते सांगितलं, आणि विचारलं, "ओळख करून देऊ का? नको असेल तर मोकळेपणानं नाही म्हणा. मी त्यांना एवढंच सांगेन की सध्या जमणार नाही."

यंत्र बंद झालं. मग बाई खळखळून हसल्या.

"ताई, ते मला बघायला आले होते हो!"

"बघायला म्हणजे?"

"लग्नासाठी. कांदेपोहे, सगळं झालं. ते म्हणाले, आमच्याकडं बायकांना काम करायची गरज पडत नाय. मी दुसऱ्या दिवशी नकार कळवला."

विषय सोडून द्यायचा का, असं विचारलं.

"माझी काय हरकत? माल विकायचाय मला. पण मी कोण ते आधी त्यांना सांगा, मग विचारा. त्यांना चालत असंल तर मेल करा. मोबाईल नंबर नका देऊ, हंगामात फोन घेत बसायला वेळ नाय."

आईस्क्रीमवाल्यांना भेटायला मी मुद्दाम त्यांच्या दुकानात गेले. नाव ऐकून त्यांच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"त्या आहेत? व्हय म्हणाल्या त्या?"

"त्या म्हणाल्या, तुम्हाला विचारा."

ते कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. "बायकोला विचारून सांगतो," म्हणाले.

म्हणजे माझ्या हिशेबात तिसरी परवानगी आली. ती संध्याकाळीच मिळाली, आणि तीही थेट वहिनींकडून. "पाठवा मेल," त्या फोनवर म्हणाल्या. "ह्यांना नाही म्हणणारी बाई मला बघायचीच आहे. आणि मॅडम, खरेदी आता मी बघते. मलाही मेलमध्ये घ्या."

आता बाईंना हे पुन्हा विचारणं आलं. त्यांनी "घ्या, घ्या!" म्हटल्यावरच मी लिहायला बसले. विषयात लिहिलं, 'ओळख: सीताफळाचा गर आणि आईस्क्रीम'. बाई काय बनवतात ते दोन ओळींत, दुकानाला काय हवंय ते दोन ओळींत. खाली, 'आपण सगळ्यांनी होकार दिल्यामुळे जोडून देत आहे. दुकानाकडून गरज किती ते कळवावं, म्हणजे नमुना पाठवता येईल.' कांदेपोह्यांचा अर्थातच उल्लेख नाही.

वहिनींचं उत्तर लगेच आलं. माझे आभार मानून त्यांनी मला बीसीसीत टाकलं होतं, म्हणजे पुढची उत्तरं मला येणार नाहीत आणि दराची घासाघीस माझ्या डोक्याला नको. मी निवांत झाले.

पुढचं मला कळलं ते बाईंच्या कॉम्प्रेसरचं काम निघालं तेव्हा. गेले तर अंगणात वहिनी उभ्या. दोघी एका वाडग्यातून गर चाखत होत्या. नमुना पसंत पडून माल सुरूही झाला होता. आईस्क्रीमवाले बाईंच्या नवऱ्याबरोबर गाडीत डबे चढवत होते. दोघांचं जोरात चाललं होतं, खुलताबादचे पेरू बरे की सीताफळं.

"ह्यांच्या घरी कुणालाच गप्प बसता येत नाय," बाई वहिनींकडे बोट करत मला म्हणाल्या.

"कांदेपोह्यांच्या दिवशी हे गप्प बसले असते, तर तुम्ही माझ्या जागी असता," वहिनी म्हणाल्या, आणि दोघी अशा हसल्या की वाडगं सांडता सांडता राहिलं.