तिसऱ्या रांगेतला श्रोता

आमच्या ऑफिसात तिला सगळे ‘भिंग’ म्हणतात. कुठलंही चित्र हाती आलं की ती आधी ते इतकं मोठं करते की आपल्याला नुसते चौकोन दिसावेत. मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसून जाहिरातींचा मजकूर लिहितो. त्या दिवशी जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, म्हणून सांगतो.

एका मोठ्या कंपनीच्या परिषदेसाठी निमंत्रणाचा बॅनर करायचा होता. आडवा, लांबच लांब. डावीकडे मजकुराला जागा, उजवीकडे मंच, मागे भलामोठा स्क्रीन, वरून सोडलेले दिवे आणि समोर भरलेलं सभागृह. भिंगने पहिलं चित्र कॉम्प्युटरकडूनच तयार करून घेतलं. लांबून झकास दिसत होतं. पण कंपनीच्या बाई आल्या, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, “हे लोक मंचाकडे बघतच नाहीयेत. सगळे आपल्याकडे बघून हसताहेत. आणि हा माणूस पाचव्या रांगेतही आहे, नवव्यातही.”

भिंगने स्वतःच आणखी एक चूक दाखवली. दिव्यांचा उजेड उजवीकडून येत होता आणि खुर्च्यांच्या सावल्याही उजवीकडेच पडत होत्या.

“मला खरी माणसं हवीत,” बाई म्हणाल्या. “मनापासून ऐकणारी.”

मग आमच्या नेहमीच्या फोटोवाल्या काकांकडून मागच्या महिन्यातल्या एका परिषदेचे फोटो मागवले. काकांनी मंचाच्या कडेला उभं राहून काढलेले, त्यामुळे अर्धा स्क्रीनही दिसत होता आणि लोकांचे चेहरेही. त्यातला एक बाईंना पाहताक्षणी आवडला. तिसऱ्या रांगेतल्या एका वयस्क गृहस्थांवर त्यांनी बोट ठेवलं. करडा कोट, हनुवटीखाली मूठ, किंचित पुढे झुकलेले. “बघा, किती गुंगून ऐकताहेत! यांना जरा पुढे आणता येईल का?”

“येईल की,” भिंग म्हणाली. तेव्हा चित्र लहानच होतं, आणि चेहऱ्यावर निळा उजेड सांडलेला.

बाई गेल्या आणि ती कामाला लागली. जुन्या परिषदेचा स्क्रीन निळा होता, या कंपनीचा रंग नारिंगी. नुसता स्क्रीन बदलून भागत नाही. स्क्रीनचा उजेड पुढच्या रांगांतल्या गालांवर, कपाळांवर, चष्म्यांच्या काचांवर पडलेला असतो, तोही बदलावा लागतो. नाहीतर मंचावर सकाळ आणि लोकांच्या तोंडावर संध्याकाळ. ती एकेक चेहरा मोठा करून निळा काढत होती, नारिंगी भरत होती. करड्या कोटवाल्या गृहस्थांच्या चष्म्यापाशी आली आणि थांबली.

चष्म्याच्या काडीला काळा दोरा गुंडाळलेला होता.

मला वाटलं, दोरा पुसायचा की ठेवायचा याचा विचार करतेय. पण तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला होता.

“हा दोरा मी बांधलाय,” ती म्हणाली. “हे माझे बाबा आहेत.”

तिचे बाबा मला माहीत होते. पुस्तकं छापणाऱ्या एका प्रेसमध्ये जन्म गेला. प्रेस बंद पडल्यावर शहराबाहेरच्या गोदामात देखरेखीचं काम धरलं होतं. रोज डबा घेऊन जायचे. निदान घरी सगळ्यांना तसंच ठाऊक होतं.

तिने काकांना फोन लावला. आवाज मुद्दाम साधा ठेवून विचारलं, “काका, त्या फोटोतले तिसऱ्या रांगेतले कोण हो?”

फोन स्पीकरवर होता. काका हसले. “अगं, ते भरतीचे! खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून माणसं आणून बसवतात. ते आजोबा तर हुकमी एक्का. कधी डुलकी नाही, टाळी बरोबर वेळेवर. उद्या पण असतील, औषध कंपनीच्या कार्यक्रमाला.”

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, “चल. एकटीच्याने होणार नाही.” त्या सभागृहाच्या दारातला बॅनर आमचाच होता, त्यामुळे कोणी अडवलं नाही. आम्ही मागे, दिवे आणि स्क्रीन चालवणाऱ्यांच्या टेबलाशेजारी उभे राहिलो. अंधारात शेकडो डोकी. स्क्रीनवर चित्र बदललं की डोक्यांच्या कडा उजळायच्या. मुलीने बापाला पाठीवरून ओळखलं. वक्ता काहीतरी विनोद करून थांबला, आणि सगळ्यात आधी हसले ते बाबा.

मधल्या सुट्टीत ते बाहेर आले. तिला बघून त्यांचा हात आधी कोटाच्या बटणांवर गेला, जणू तो काढून लपवता आला असता.

“बाबा, गोदाम कुठंय?”

“होतं,” ते म्हणाले. “चार महिने. उभं राहून राहून गुडघे गेले. त्यांनी बसवलं घरी. मग हे मिळालं. यात बसायचंच असतं.”

“आणि कोट?”

“त्यांचाच. संध्याकाळी परत द्यायचा.”

तिला रडू येत होतं की राग, तिलाच कळत नव्हतं. “आम्हाला का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? रोज टाळ्या वाजवायला जातो म्हणून?” ते दाराकडे बघून म्हणाले, “तुझे बॅनर मात्र सगळे बघतो हं. दारात उभा राहून. शेजारच्याला सांगावंसं वाटतं, पण सांगायचं कसं?”

मी पाण्याच्या निमित्ताने बाजूला झालो, पण पुढचं कानावर आलंच. तिने त्यांना बॅनरचं सांगितलं. तुमचा फोटो मोठा होऊन चौकात लागणार आहे, नको असेल तर मी काढून टाकते, दुसरं कुणी बसवते.

बाबांनी कोटाची बाही सारखी केली. मग त्यांनी विचारलं, “त्या बाईंनी मलाच निवडलं? ओळख नसताना?”

“हो.”

“मग राहू दे. आईला मी आजच सांगतो. चौकात दिसण्याआधी माझ्या तोंडून कळलेलं बरं.”

आई ऐकून मटकन खाली बसली. नंतर जी तुटून पडली ती खोटेपणावरून नव्हे. “पोराच्या लग्नात कोट घाला म्हणून पाया पडायची बाकी होते! तेव्हा गळा आवळतो म्हणालात! आणि परक्यांच्या सभेत घालून मिरवता?” मग दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डबा भरून दिला, तोही न बोलताच.

बॅनर लागला. त्याच आठवड्यात माणसं जमवणाऱ्याने बाबांना बाजूला बोलावलं आणि कोट परत घेतला. चौकाचौकात दिसणारा चेहरा प्रेक्षकांत चालत नाही. लोक बोट दाखवतात, सगळं बिंग फुटतं. भिंगने हे मला सांगितलं तेव्हा ती पांढरीफटक पडली होती.

“माझ्यामुळे काम गेलं रे. आणि बाबांना हे आधीच ठाऊक होतं. मी विचारलं ना, तेव्हाच ठाऊक होतं.”

“मग हो का म्हणाले?”

“तेच विचारलं मी. म्हणाले, इतकी वर्षं दुसऱ्यांची नावं छापली, दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवल्या. एकदा म्हटलं, आपणही दिसावं.”

सध्या ते पुठ्ठ्याची खोकी छापणाऱ्या एका छोट्या कारखान्यात सकाळचे काही तास जातात, स्टुलावर बसून शाईचा रंग तपासतात. भिंगने स्वतः जाऊन तो कारखाना पाहून घेतला, मालकाशी बोलली, स्टूलसुद्धा हलवून बघितलं. बाबांना ते अजिबात आवडलं नाही.