रिसीव्हर बसला

भाऊ म्हणतो, बहिणीनं बापाची मिल घालवली. मी म्हणते, तो ती पोखरून खात होता म्हणून कोर्टात गेले. गावात दोघांच्याही बाजूची माणसं आहेत, आणि मला दोन्ही बाजूंचा सारखाच वीट आलाय.

सानगडीकडची आमची धानाची मिल. बाबा गेल्यावर ती भावाच्या हाती राहिली. वाटा मागितला तर "लग्नात दिलं ना तुले" एवढंच ऐकावं लागलं. मी वाटणीचा दावा लावला, सोबत रिसीव्हर नेमावा म्हणून अर्ज दिला. रिसीव्हर म्हणजे आपल्या वतीनं मिल ताब्यात घेणारा माणूस, असा माझा पक्का समज होता.

पहिला अर्ज फेटाळला गेला. दाव्यात तथ्य दिसतं, पण नुसत्या भांडणापायी चालत्या धंद्यावरून कुणाला उठवता येत नाही, मालमत्तेची नासाडी होतेय हे दाखवा, असं न्यायाधीश म्हणाले. भावाला हिशेब द्यायला सांगितलं. हा शहाणा हिशेब तर देईनाच, वर तांदूळ पॉलिश करायची मशीन विकून मोकळा झाला. मग मिलची मोटरही ट्रकवर चढवली जात असताना मी फोटो काढले. कोर्टानं पाहणीला पाठवलेल्या कमिशनरनं येऊन मशीनचा रिकामा चौथरा पाहिला, तसा अहवाल दिला. दुसऱ्या अर्जावर कोर्ट राजी झालं.

गावभर झालं, "रिसीव्हर बसला." मी पेढे वाटले.

रिसीव्हर म्हणून नेमलेले वकील आले, सामानाची यादी केली आणि कुलूप बदललं. मी म्हटलं, "साहेब, चावी मले द्या."

"बाई, मी तुमचा नाही, त्यांचाही नाही. मी कोर्टाचा माणूस."

दाव्याचा निकाल लागेपर्यंत मिल बंद ठेवायची नव्हती. दोघांपैकी कुणीही जामीन देऊन, दरमहा रक्कम भरून ती चालवायला घ्यावी, असं त्यांनी सुचवलं. भाऊ उसळला, "बापाच्या मिलचं भाडं मी काहून भरू?" माझ्यासाठी जामीन राहायला घरातलं कुणी तयार होईना. शेवटी कोर्टाच्या परवानगीनं बोली लागली आणि शहापूरकडच्या एका व्यापाऱ्यानं मिल चालवायला घेतली.

यंदा सासरचं धान घेऊन मी तिथं गेले. फाटकावरच्या नव्या माणसानं मला ट्रॅक्टर मागं लावायला सांगितलं. माहेरच्या मिलमध्ये मी कधी थांबले नव्हते. रागानं मान वळवली तर पुढच्या ट्रॅक्टरवर भाऊ बसलेला, त्याच्या शेतातलं धान घेऊन.

कोर्टाच्या दारातही तो माझ्याशी बोलला नव्हता. आता बोलला.

"झाली ना तुह्या मनासारखी वाटणी? दोघंबी रांगेत."

मी ड्रायव्हरला ट्रॅक्टर त्याच्या मागं लावायला सांगितलं.