आबांच्या फोनवर बटण नव्हतं

जळगावच्या खोलीवर जुन्या लॅपटॉपवर मी अ‍ॅप बनवायला शिकत होते. एम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा खोटा फोन, आधी चालूच होईना. बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन त्याला लागणारं व्हर्च्युअलायझेशन चालू केलं, तेव्हा कुठे तो उजळला. वर केळीचं चित्र, मध्ये "आज ठिबक सोडलं का?" हा प्रश्न आणि खाली "हो" हे बटण, एवढंच माझं अ‍ॅप. एम्युलेटरमध्ये ते झकास चाललं.

खऱ्या फोनवर बघायचं म्हणून नशिराबादला घरी गेले आणि वडिलांचा, म्हणजे आबांचा, फोन मागितला. सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर टॅप करत राहिले, तसे अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी लपवलेले डेव्हलपर ऑप्शन उघडले. यूएसबी डीबगिंग, म्हणजे लॅपटॉपवरून फोनमध्ये अ‍ॅप टाकायची सोय, चालू करून केबल जोडली. फोनने परवानगी विचारताच आबांनी झटकन "रद्द" दाबलं. कशालाही परवानगी द्यायची नाही, असं बँकेत त्यांना बजावलं होतं. मी चिडले, मग हसूच आलं. केबल पुन्हा जोडली, त्यांना समजावलं, अ‍ॅप आलं.

"हो"चं बटण दाबा म्हटल्यावर आबांनी फोन डोळ्यांजवळ धरला.

"बटन कोठे शे?"

खरंच नव्हतं. त्यांनी फोनची अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवली होती. फुगलेल्या प्रश्नाने बटण स्क्रीनबाहेर ढकललं होतं.

मी लगेच एम्युलेटरचीही अक्षरं तेवढीच मोठी केली. तिथलंही बटण गेलं. इतके दिवस तो खोटा फोन माझ्याच डोळ्यांनी बघत होता.