भाकीतरावांची सरासरी

आमच्या छोट्या व्हिडिओ स्टुडिओच्या मॅनेजरला पाठीमागे सगळे भाकीतराव म्हणत, कारण कशाचंही भाकीत करायची त्यांना भारी हौस. सगळ्यांच्या सामायिक क्लाउड प्लॅनमध्ये चारशे जीबी जागा उरली होती. भाकीतरावांनी वर्षभरात वाढलेल्या वापराला बारानं भागलं, महिन्याला चाळीस जीबी आले. छाती फुगवून म्हणाले, "दहा महिने निर्धास्त राहा."

एडिटर ताई म्हणाली, "अहो, आधी महिन्याला वीसच वाढायचे. नवा कॅमेरा आल्यापासून, गेल्या तीन महिन्यांत, ऐंशी, शंभर, एकशेवीस झालेत. असंच चढत गेलं तर तिसऱ्या महिन्यातच भरेल."

"मला गणित शिकवू नकोस!" भाकीतराव गुरकावले.

तिसऱ्या महिन्यात, ग्राहकाला फिल्म पाठवायच्या दिवशी, अपलोड अडकलं. भाकीतरावांनी घाबरून जुन्या फाइल्स उडवल्या, पण त्या क्लाउडच्या कचरापेटीत पडून तेवढीच जागा खात राहिल्या. मग त्यांनी इंटरनेटला शिव्या घातल्या. ताईनं कचरापेटी रिकामी केली, तेव्हा कुठे फिल्म गेली.

संध्याकाळी ते मालकांना सांगत होते, "मी वेळेवर लक्ष घातलं म्हणून निभावलं."

"छान. आता ही जागा कधीपर्यंत पुरेल?" मालकांनी विचारलं.

भाकीतराव निर्लज्जपणे ताईच्या तोंडाकडे बघू लागले.